‘द जंगल’मध्ये नुसतं मांस नाही, मस्टर पण आहे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत अमेरिकन लेखक अप्टन सिंक्लेअरच्या, शिकागोच्या कत्तलखान्यांवरच्या ‘द जंगल’ ह्या कादंबरीवर लेख आला होता, लेख चांगला होता, पण परत तेच, सडलेलं मांस, सॉसेजमधले उंदीर, मग अमेरिकेत खळबळ आणि 1906 ला कायदा. हे सगळं खरंय. पण पुस्तकात हे थोड्याच पानांत उरकतं, बाकी सगळं पुस्तक काम, पगार आणि काम करणाऱ्यांच्या शरीराचं काय होतं ह्यावर आहे आणि त्याबद्दल लेखात एक ओळ होती. म्हणून लिहितोय.

मी स्वतः एमआयडीसीतल्या एका कारखान्यात टाइम ऑफिसला होतो, मस्टर, पंचिंग, ओटीचे तास, लेट मार्क हाच माझा धंदा, त्यामुळे मला त्यातलं सगळ्यात भयंकर पान मांसाचं नाही वाटलं, आठव्या प्रकरणात पगाराचे तास कसे मोजायचे ते सांगितलंय ते वाटलं.

ज्यांनी वाचलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. युर्गिस रुडकस हा लिथुआनियाचा दणकट शेतकरी पोरगा, होणारी बायको ओना, तिची सावत्र आई, तिची लहान लहान पोरं आणि स्वतःचा म्हातारा बाप असं सगळं बिऱ्हाड घेऊन शिकागोला येतो. तिथल्या कत्तलखान्यांच्या वस्तीला पॅकिंगटाऊन म्हणतात. गेटवर कामासाठी गर्दी असते, कित्येक जण महिनोन्‌महिने येऊन परत जातायत, आणि हा अर्धा तास उभा राहतो न राहतो तोच त्याला आत घेतात, कारण अंगापिंडाने सगळ्यात मजबूत दिसतो. कत्तलीच्या फ्लोअरवर आतडी झाडून खालच्या भोकात ढकलायचं काम, तासाला साडेसतरा सेंट. पहिल्याच दिवशी दीड डॉलरच्या वर कमाई झाली म्हणून घरी आनंदीआनंद.

आता नियम बघा. एक मिनिट उशीर झाला की एका तासाचा पगार कापणार. पण राहिलेली 59 मिनिटं काम मात्र करून घेणार, घरी नाही पाठवणार! म्हणजे माणूस उशिरा आला की कंपनीचा फायदाच. संध्याकाळी ह्याच्या उलट. पगार फक्त पूर्ण तासाचा. शेवटच्या तासात 50 मिनिटं राबलात आणि तेवढ्यात जनावरं संपली तर त्या 50 मिनिटांचे शून्य. बरं जनावरं कधी येणार ते पण ह्यांच्या हातात नाही. मंदीच्या दिवसांत मालक लोक बाजारात भाव पाडायला मुद्दाम दुपारपर्यंत खरेदी करत नाहीत, आणि कामगारांनी मात्र सकाळी सातला हजर राहायचं, थंडीत, बिनपगारी, आणि मग दुपारी जनावरं आली की रात्री उशिरापर्यंत.

सवयीने मी कागदावर मांडून बघितलं. समजा माणूस सातला आला, जनावरं एकला आली, काम आठ वाजून पन्नास मिनिटांनी संपलं. कारखान्यात जवळपास चौदा तास. पगार सात तासांचा, म्हणजे 1 डॉलर साडेबावीस सेंट. हे उदाहरण माझं आहे, नियम पुस्तकातले. आणि ह्याच्यापुढे सिंक्लेअर जे दाखवतो ते फक्त आत राहून बघितलेल्यालाच सुचेल, की त्यामुळे रोज संध्याकाळी फ्लोअरवर एक जुगार चालतो. फोरमनला तास भरायच्या आत काम संपवायचं असतं म्हणून तो हाकतो, कामगारांना तास पूर्ण करायचा असतो म्हणून ते रेंगाळतात. आपल्याकडे मॅनेजर लोक म्हणतात ना, की शिफ्ट संपत आली की कामगार चुकारपणा करतात, तो चुकारपणा कुठून येतो ते इथे सापडतं, निदान अर्धा तरी.

आणि हाकायचं कसं, तर ओरडून नाही. ज्याच्या हाताच्या वेगावर बाकी सगळ्यांचा वेग ठरतो अशा दोनचार जागा लाइनमध्ये असतात, तिथे निवडक माणसं जास्त पगार देऊन ठेवायची आणि त्यांची बरोबरी करायला लावायचं. ज्याला झेपणार नाही त्याच्यासाठी बाहेर माणसं उभीच आहेत. सुरुवातीला युर्गिसला हा वेग आवडतो हे मला फार खरं वाटलं. कुरकुर करणाऱ्यांना तो आळशी म्हणतो, युनियनला हसतो. ताकद आहे तोवर माणूस असाच बोलतो, मी शेकडो बघितलेत.

थंडीचं एकच सांगतो. फ्लोअरला हीटिंग नाही. माणसं पायाला वर्तमानपत्रं नि जुनी पोती गुंडाळतात, ती रक्तात भिजून गोठतात, आणि बॉसची पाठ वळली की नुकत्याच मारलेल्या बैलाच्या गरम धडात पाय घालून उभे राहतात. ह्या प्रसंगावर सिंक्लेअर भाष्य करत नाही, सांगतो नि पुढे जातो, म्हणून तो लक्षात राहतो.

कामाची किंमत दाखवायची त्याची पद्धत अशी हिशोबाची आहे, आणि त्यात घराचा हिशोब सगळ्यात जबरदस्त. हे लोक हप्त्यावर घर घेतात, 1500 डॉलरचं, 300 आधी भरून, महिन्याला 12. सगळ्यांनी बजेट बसवलेलं असतं. मग शेजारची एक म्हातारी सहज बोलता बोलता विचारते की व्याजाचं काय? उरलेल्या 1200 वर सात टक्के व्याज कागदावर लिहिलेलं असतं, ह्यांना वाचता येत नाही. महिन्याला आणखी सात डॉलर. आता सात डॉलरला साडेसतरा सेंटने भागा. बरोबर 40 तास येतात. म्हणजे फक्त व्याजासाठी युर्गिसने 40 तास, ते पण पूर्ण भरलेले, कत्तलीच्या फ्लोअरवर काढायचे. तेवढे तास त्याच्याकडे आहेतच कुठे! मग ते कोणी भरायचे, तर ओनाला कामावर जावं लागतं आणि तिच्या 14 वर्षांच्या भावाला, स्तानिस्लोवासला. त्याचं वय दोन वर्षांनी वाढवून 16 चा दाखला आणतात, आणि तो पोरगा चरबीच्या डब्यांच्या मशीनसमोर उभा राहतो, तासाला पाच सेंट, रिकामा डबा मशीनखाली ठेवायचा, परत ठेवायचा, दिवसभर तेच. बालमजुरी वाईट असं लेखक कुठे ओरडत नाही, व्याजाच्या कलमातून पोरगं मशीनपर्यंत कसं पोचलं ते पायरी पायरीने दाखवतो.

म्हाताऱ्या बापाचं पण तसंच. त्याला वय बघून कोणी घेत नाही, शेवटी एक जण काम देतो पण पगारातला तिसरा हिस्सा मला द्यायचा ह्या बोलीवर. (मुकादमाचं कमिशन म्हटलं की आपल्याकडे कोणाला समजावून सांगायला नको.) काम कुठे, तर मांस खारवायच्या तळघरात, ओल्या जमिनीवर, आधी खोकला, मग केमिकलने बूट खाल्ले, मग पाय, आणि पहिल्याच हिवाळ्यात म्हातारा गेला.

मग युर्गिसची पाळी. एक बैल सुटतो, पळापळीत उडी मारताना ह्याचा घोटा मुरगळतो. एवढंच. ना हात तुटला, ना मशीनमध्ये सापडला, कादंबरीत घालावा असा अपघातच नाही हा. डॉक्टर सांगतो कंपनी जबाबदार नाही, घरी पडून राहा. तो काही आठवडे बिनपगारी अंथरुणात, आणि उठून गेटवर जातो तेव्हा त्याला कोणी निवडत नाही. इथे त्याला कळतं की आपण पहिल्या दिवशी ज्यांना रिकामटेकडे समजलो ते सगळे कधीतरी आपल्यासारखेच मजबूत होते, वापरून झालेले होते. ज्या शरीरामुळे अर्ध्या तासात काम मिळालं तेच शरीर आता वापरलेला माल म्हणून बाजूला. शेवटी तो खताच्या कारखान्यात जातो, जिथे कोणीच जात नाही, हाडांच्या नि वाळलेल्या रक्ताच्या धुळीत फावडं मारायचं, डोकं फुटायची वेळ येते, नि घरी जाताना ट्राममधली माणसं वासाने उठून लांब जातात.

सिंक्लेअर 1904 च्या कत्तलखान्यांतल्या कामगारांच्या संपानंतर सात आठवडे शिकागोत राहिला होता, तो संप कामगार हरले होते, आणि त्याची कादंबरी 1905 ला आधी एका समाजवादी साप्ताहिकात क्रमशः आली. 30 जून 1906 ला दोन कायदे झाले, एक मांस तपासणीचा, दुसरा शुद्ध अन्न आणि औषधांचा. दोन्हीत कामगाराच्या तासाबद्दल, घोट्याबद्दल एक कलम नाही. सिंक्लेअर नंतर स्वतःच म्हणाला की मी लोकांच्या काळजावर नेम धरला आणि लागला पोटात. तुमच्या लेखकाने पण कायदा झाला, पुस्तक यशस्वी झालं असं लिहिलंय म्हणून विचारतो, कोणासाठी? ताटात काय येतं त्याची काळजी असणाऱ्यांसाठी झालं असेल. आपल्याकडे 1936 च्या वेतन कायद्यात मात्र साफ लिहिलेलं होतं की माणूस जेवढा वेळ गैरहजर तेवढ्याच प्रमाणात पगार कापायचा, एक मिनिटाला एक तास चालणार नाही. तरी तीन लेट मार्कला अर्धा दिवस आणि अर्ध्या तासाच्या खालचा ओटी धरायचाच नाही हे मी बघितलंय, आणि खरं सांगायचं तर टाइम ऑफिसमध्ये आम्हाला त्यात काही वावगं वाटायचं पण नाही, सिस्टीममध्येच तसं सेटिंग असायचं.

पुस्तक निर्दोष नाही. शेवटची प्रकरणं म्हणजे भाषणं आहेत, युर्गिस सभेत जाऊन बसतो आणि लेखक त्याला विसरूनच जातो, वाचक सुटला तर नवल नाही. त्याहून वाईट म्हणजे संप फोडायला आणलेल्या काळ्या मजुरांचं वर्णन, ते सरळ सरळ वंशद्वेषी आहे. ती पण गरजेपोटी आलेली माणसं होती, दक्षिणेतून, पण जो लेखक लिथुआनियन म्हाताऱ्याच्या बुटापर्यंत बघतो त्याला ह्यांच्या पगाराचा हिशोब मांडावासा वाटला नाही. आणि युर्गिस स्वतः त्या संपात फुटून कामावर जातो, बॉस होतो, त्याला मात्र लेखक समजून घेतो. तुमच्या लेखात ह्याचा उल्लेखच नव्हता, पानभर लेखात दोन ओळी तरी पाहिजे होत्या.

जमलं तर पुढच्या एखाद्या पुरवणीत ह्या बाजूने पण कोणाकडून तरी लिहून घ्या, मुंबईच्या गिरणीत बदलीवर काम केलेला कोणी मिळाला तर फार बरं, रोज सकाळी गेटवर उभं राहून आज घेतात की परत पाठवतात हे त्यांनी केलंय, युर्गिसच्या गेटवरच्या पानांवर माझ्यापेक्षा ते जास्त बोलतील.

आपला,
एक जुना वाचक (निवृत्त टाइमकीपर)