ताप उतरला म्हणजे धोका टळला असे नाही

संपादक महोदय,

पावसाळ्यात थंडी वाजून ताप आला, अंग आणि डोकं ठणकू लागलं की तो डेंग्यू, मलेरिया की टायफॉइड, हे नुसत्या लक्षणांवरून सांगता येत नाही. तापाचा कितवा दिवस आहे, हे तपासणी निवडताना पाहावंच लागतं. माझ्या भावाला दुसऱ्याच दिवशी विडाल तपासणीवरून टायफॉइड सांगितला गेला. वास्तविक पहिल्या आठवड्यात विडाल भरवशाची नसते. जुन्या संसर्गामुळेही ती पॉझिटिव्ह येऊ शकते. मलेरियाची रक्ततपासणी निगेटिव्ह आली, पण ती एकदा करून भागत नाही. डेंग्यूची एनएस१ पहिल्या पाच दिवसांत सर्वांत उपयोगी. ती कुणी करायला सांगितलीच नाही.

पाचव्या दिवशी ताप उतरला. गोळ्या लागू पडल्या म्हणून आम्ही निर्धास्त झालो आणि त्याच संध्याकाळी पोटात कळा, सतत उलट्या, हातपाय गार! डेंग्यूत खरा धोका ताप उतरतानाच असतो, कारण तेव्हा रक्तवाहिन्यांतून द्रव बाहेर झिरपतो. सलाइन वेळेत लागलं म्हणून भाऊ वाचला. अंगदुखीसाठी त्याला आयब्युप्रोफेनही दिलं होतं. डेंग्यूची शंका असताना ते टाळायचं असतं, त्यानं रक्तस्राव वाढू शकतो.

— एक वाचक