छायाचित्रे 8,000, पण नमुना केवढा?

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

शाळकरी मुलांच्या समोरच्या दातांची छायाचित्रे घेऊन फ्लोरोसिसचे, म्हणजे पाण्यातील जादा फ्लोराइडमुळे दातांवर उमटणाऱ्या पांढऱ्या-तपकिरी डागांचे, प्रमाण सांगणाऱ्या पाहण्यांच्या बातम्यांत छायाचित्रांचा आकडा मथळ्यात असतो आणि शाळांची संख्या शेवटच्या परिच्छेदात, किंवा कुठेच नसते. माझ्या मते पाहणीवर किती विसंबावे हे प्रामुख्याने या दुसऱ्या आकड्यावर ठरते. ते कसे, हे एका कल्पित उदाहरणाने मांडण्याची परवानगी द्यावी.

समजा, पुणे जिल्ह्यातील शाळांच्या यादीतून 40 शाळा चिठ्ठ्या टाकून निवडल्या, प्रत्येक शाळेतून 50 मुले घेतली आणि प्रत्येक मुलाची चार छायाचित्रे काढली. छायाचित्रे 8,000 झाली, मुले 2,000 झाली. यांतला पहिला आकडा लगेच बाजूला ठेवावा, कारण एकाच मुलाच्या चार छायाचित्रांतून चार मुलांची माहिती मिळत नाही. फार तर त्या एका मुलाचे निदान थोडे पक्के होते. आता 2,000 मुलांपैकी 20 टक्के मुलांच्या दातांवर डाग आढळले असे धरू. ही मुले जिल्ह्यातून एकेक करून, परस्परांशी संबंध नसलेली अशी निवडली असती, तर 95 टक्के विश्वासपातळीला 20 टक्क्यांच्या दोन्ही बाजूंना सुमारे पावणेदोन टक्क्यांची चूक धरावी लागली असती. बातमीत बहुधा हाच हिशेब गृहीत धरलेला असतो.

पण ही मुले एकेक करून निवडलेली नाहीत, त्यांचे शाळेशाळेने गठ्ठे आले आहेत. फ्लोरोसिसचे डाग दात घडत असताना, म्हणजे लहानपणी प्यालेल्या पाण्यामुळे उमटतात, आणि एका शाळेतली बरीचशी मुले एकाच गावची, एकाच विहिरीचे, कूपनलिकेचे किंवा नळयोजनेचे पाणी पिऊन वाढलेली असतात. त्यामुळे एका शाळेत पहिल्या दहा मुलांचे दात पाहिल्यावर अकराव्याविषयी बराच अंदाज येतो आणि पन्नासाव्या मुलाकडून नवीन कळण्यासारखे फार थोडे उरते. एका शाळेतील मुलांमधल्या या सारखेपणाचे माप शून्य ते एक या पट्टीवर काढतात. त्याला ρ म्हणू. एका शाळेतून घेतलेली मुले m असतील, तर गठ्ठ्यांमुळे नमुना किती पटीने आक्रसतो हे सांगणारे, संख्याशास्त्रज्ञ लेस्ली किश यांच्या नावाने ओळखले जाणारे सूत्र असे आहे:

डिझाइन इफेक्ट = 1 + (m − 1) × ρ

आपल्या उदाहरणात ρ केवळ 0.10 धरला तरी 49 गुणिले 0.10 अधिक 1, म्हणजे 5.9 हे उत्तर येते. एकूण 2,000 मुलांना 5.9 ने भागले की प्रभावी नमुना 339 मुलांचा उरतो, म्हणजे एकेक करून निवडलेल्या 339 मुलांकडून मिळाली असती तेवढीच माहिती हाती येते. चुकीची मर्यादा पावणेदोनवरून सव्वाचार टक्क्यांवर जाते, म्हणजे खरे प्रमाण साधारण 16 ते 24 टक्क्यांच्या दरम्यान कुठेही असू शकते. दोन वर्षांनी वेगळ्या 40 शाळा घेऊन अशीच पाहणी केली आणि 24 टक्के आले, तर ‘फ्लोरोसिस वाढला’ असा मथळा होईल. प्रत्यक्षात अशा दोन पाहण्यांतील फरक निव्वळ निवडीच्या योगायोगाने सहा टक्क्यांपर्यंत सहज जाऊ शकतो.

यावर ‘मुले वाढवा’ हा उपाय सुचतो आणि नेमका तोच इथे फारसा चालत नाही. त्याच 40 शाळांतून प्रत्येकी 100 मुले घेतली, तर मुले 4,000 होतात, डिझाइन इफेक्ट 10.9 होतो आणि प्रभावी नमुना 339 वरून जेमतेम 367 वर पोचतो. शाळा 40 च राहिल्या, तर कितीही छायाचित्रे काढली तरी तो 400 च्या पुढे जात नाही, कारण 40 ला 0.10 ने भागले की मिळणारी ती कमाल मर्यादा आहे. याउलट तीच 2,000 मुले 100 शाळांतून प्रत्येकी 20 अशी घेतली, तर प्रभावी नमुना 690 होतो. प्रवासाचा खर्च आणि परवानग्यांची दगदग वाढते, हे खरे. पण अचूकता तिथेच विकत मिळते. निवृत्तीनंतर पुण्यात राहिलेल्या डॉ. पां. वा. सुखात्मे यांनी पीककापणीच्या पाहण्यांसाठी जे नमुनाशास्त्र उभे केले, त्यातही गाव, गावातील शेत आणि शेतातील तुकडा असे टप्पे पाडून कोणत्या टप्प्यावर किती संख्या ठेवावी, हा प्रश्न मध्यवर्ती होता.

लसीकरणाच्या पाहण्यांत पूर्वी 30 समूह आणि प्रत्येकी 7 बालके अशी रीत होती आणि डिझाइन इफेक्ट 2 धरला जाई. तो 2 शालेय पाहण्यांच्या आराखड्यांत तसाच उचलला जातो, हे मला घातक वाटते. सात बालकांच्या गटासाठी धरलेला आकडा पन्नास मुलांच्या गटाला लागू होण्याचे कारण नाही. शिवाय तो प्रश्नागणिक बदलतो: त्याच पाहणीत पडून तुटलेल्या दातांचे प्रमाण काढले, तर त्याचा गावच्या पाण्याशी संबंध नसल्याने ρ 0.01 इतका कमी असू शकेल आणि मग प्रभावी नमुना 1,300 च्या वर जाईल.

छायाचित्रांमुळे आणखी एक अडचण येते. फ्लॅशचे प्रतिबिंब दातावर पांढऱ्या डागासारखे दिसते. दात कोरडे करून छायाचित्र घेतले, तर फिकट डागही उठून दिसतात. एका शाळेचे काम एका दिवशी, एका खोलीत, एकाच माणसाने केले, तर तिथल्या सगळ्या मुलांच्या छायाचित्रांत तोच दोष शिरतो. पुढे तपासनीसाने शाळावार गठ्ठे घेऊन श्रेणी दिल्या, तर त्याची त्या दिवशीची कडक किंवा सैल नजर अख्ख्या शाळेला लागते. अशा वेळी ρ वाढतो, पण तो पाण्यामुळे नव्हे. म्हणून सर्व शाळांची छायाचित्रे एकत्र पिसून, शाळेचे नाव झाकून तपासावीत, आणि काही छायाचित्रे नकळत पुन्हा तपासनीसासमोर ठेवावीत. मात्र तपासनीस सर्वच शाळांना सारखाच कडक असेल, तर ती चूक डिझाइन इफेक्टमध्ये दिसत नाही. ती दुसऱ्या तपासनीसाशी ताडूनच कळते.

हे सारे बाहेरच्या वाचकाला पडताळता येते, फक्त शाळावार टक्केवारी हाती हवी. आपल्या उदाहरणात 50 मुलांच्या शाळांमधील टक्केवारी केवळ योगायोगाने बदलत असती, तर तिचे प्रमाण विचलन 5.7 च्या आसपास आले असते. प्रत्यक्षात ते 13.7 आले, तर या दोहोंच्या वर्गांचे गुणोत्तर सुमारे सहा, आणि तोच जवळपास डिझाइन इफेक्ट. शाळांतून घेतलेली मुले कमीजास्त असतील, तर हा हिशेब ढोबळ होतो, पण तरीही मथळ्यातल्या 8,000 पेक्षा कितीतरी अधिक सांगतो.

तेव्हा माझी विनंती अशी की, अशा पाहणीची बातमी देताना आपल्या वार्ताहरांनी शाळा किती होत्या, त्या कशा निवडल्या आणि चुकीची मर्यादा काढताना शाळांचे गट हिशेबात धरले का, हे तीन प्रश्न पाहणी करणाऱ्यांना विचारावेत व उत्तरे बातमीत छापावीत. शाळांची नावे वगळून शाळावार टक्केवारीचा तक्ता मिळाला, तर तोही आपल्या संकेतस्थळावर ठेवावा.

कळावे.

आपला नम्र,
संख्याशास्त्राचा एक निवृत्त शिक्षक,
कोथरूड, पुणे