गॉगल गळतो तो पट्टा सैल म्हणून नव्हे

प्रिय सुहास,

तुझं पत्र मिळालं. पोहताना गॉगलमध्ये डाव्या डोळ्यात नाकाच्या बाजूने पाणी शिरतं म्हणून तू पट्टा आवळत गेलास. आता पाणी येतंच, वर दुपारपर्यंत डोळ्यांभोवती वळ राहतात आणि भुवयांच्या वर ठणकतं. नवा गॉगल घे, पण त्याआधी एवढं वाच. नाहीतर नव्यालाही तसाच आवळशील.

पाणी अडवणं हे पट्ट्याचं काम नाही. ते काम काचेभोवतीच्या सिलिकॉनच्या मऊ कडेचं आणि तुझ्या डोळ्याच्या खोबणीचं. ती कड सगळीकडून त्वचेला सारखी टेकली की आतली थोडी हवा बाहेर जाते आणि गॉगल स्वतःच चिकटून बसतो. पट्ट्याने तो फक्त जागेवर धरून ठेवायचा. म्हणून दुकानात पट्टा डोक्यामागे न घेताच गॉगल पाहायचा. चेहरा कोरडा हवा, त्यावर क्रीम नको. मान सरळ ठेव, वर पाहिलंस तर गॉगल नुसत्या वजनानेच टिकेल आणि फसशील. दोन्ही वाट्या खोबणीवर ठेव, बोटांनी हलकेच दाब आणि हात सोड. दोन-तीन सेकंद चिकटून राहिला तर तो तुझ्या चेहऱ्याचा. लगेच गळून पडला तर कितीही महागाचा असो, ठेवून दे. चिकटलेला असताना पापण्यांची उघडझाप करून बघ. पापण्यांचे केस काचेला घासत असतील तर ती वाटी तुझ्यासाठी उथळ आहे.

आता तुझ्या डाव्या डोळ्याचं. पाणी नाकाच्या बाजूच्या कोपऱ्यातून येत असेल तर पहिला संशय नोज ब्रिजवर, म्हणजे दोन वाट्यांना जोडणाऱ्या नाकावरच्या तुकड्यावर घ्यायचा. तो गरजेपेक्षा लांब असला तर वाट्या कानांकडे सरकतात आणि आतल्या कोपऱ्यात, नाकाच्या उताराशी फट राहते. फार आखूड असला तर उलट होतं, वाट्या नाकावर चढतात आणि बाहेरची कड उचलली जाते. बऱ्याच गॉगलबरोबर या तुकड्याची तीन-चार मापं मिळतात. तसाच गॉगल घे. अख्खा एकसंध साचा असला तर बदलायला काहीच उरत नाही. मधल्या मापापासून सुरुवात कर, आतून पाणी आलं तर एक माप खाली ये.

आणि आवळल्यावर गळती वाढते ती का? पट्टा वाट्यांच्या बाहेरच्या टोकांना जोडलेला असतो. तो जोरात मागे ओढला की बाहेरची कड खोल रुतते आणि नाकाकडची कड उचलली जाते. शिवाय दाबलेलं सिलिकॉन दुमडतं, त्या घडीतूनही पाणी शिरतं. भुवईच्या वरून कपाळाकडे जाणारी नस दबते, तुझं ठणकणं बहुतेक तिचंच.

खात्री करायची तर पोहून झाल्यावर आरशात वळ बघ. रिंगण सगळीकडे सारखं फिकं उमटलं असेल तर बसणी चांगली. बाहेर गडद आणि नाकाशी जवळजवळ काहीच नसेल, तर वर सांगितलेलंच कारण समज. रिंगण सारखं असूनही एकच डोळा गळत असेल तर टोपीची कड, एखादी बट किंवा उलटी वळलेली सिलिकॉनची कड शोध. सनस्क्रीन लावत असशील तर डोळ्यांच्या कडेला बोटभर जागा कोरडी सोड. क्रीमवर सिलिकॉन सरकतं.

पट्टा दुहेरी घे. एक पदर डोक्याच्या माथ्यामागच्या उंचवट्यावर, दुसरा त्याच्या थोडा खाली, दोन्ही कानांच्या वरून. दोन्ही पदर एकावर एक आले तर भिंतीला पाय मारून निघताना गॉगल हमखास खाली सरकतो. आधी पट्टा पूर्ण सैल कर, वाट्या दाबून बसव, मगच दोन्ही बाजूंनी थोडा थोडा सारखा ओढ. एकाच बाजूने ओढलास तर गॉगल तिरका बसतो. पट्ट्याखाली एक बोट सहज जायला हवं. मग सात-आठ फेऱ्या मारून, टर्न घेऊन पाहा. सूर मारतानाच निसटत असेल तर आधी हनुवटी छातीकडे घ्यायला शिक, तोंड समोर उचलून उडी मारली की पाणी थेट काचेखाली घुसतं.

वाफेचं थोडक्यात. डोळ्याजवळची हवा उबदार आणि दमट, काच पाण्याने गार, म्हणून आत बारीक थेंब जमतात. अँटीफॉगचा थर हे थेंब पसरवून त्यांचा पातळ सलग पापुद्रा करतो, त्यातून दिसतं. हा थर नाजूक असतो. आतून बोट, टॉवेल, टी-शर्टचं टोक, काहीही लावू नकोस. लोक आधी नेमकं तेच करतात आणि मग कंपनीला नावं ठेवतात! पोहून झालं की साध्या गार पाण्याने खळखळ, झटक, सावलीत वाळव आणि कोरडा झाल्यावरच डबीत ठेव. गरम पाणी आणि ऊन नको. दोन सेटच्या मध्ये तो कपाळावर चढवून ठेवू नकोस, तिथल्या घामाने वाफ आणखी धरते. रोज पोहणाऱ्याचा हा थर काही महिन्यांत उतरतोच. मग अँटीफॉग स्प्रे किंवा बेबी शॅम्पूचा एक थेंब आत हलकेच पसरव आणि पाण्याने नीट धुऊन टाक. डोळ्यात शॅम्पू गेला तर त्यापेक्षा वाफ परवडली.

काचेचा रंग उजेडावर ठरव. बंदिस्त तलावात किंवा पहाटे अंधुक असताना बिनरंगी किंवा फिक्या निळ्या काचा पुरतात. उघड्या तलावात ऊन चढल्यावर राखाडी घे, आणि बॅकस्ट्रोकमध्ये सूर्य थेट डोळ्यांवर येत असेल तर आरशासारखा थर असलेल्या. तोच गॉगल आत वापरलास तर भिंत जवळ आलेली उशिरा कळते. गडद काच म्हणजे अतिनील किरणांपासून बचाव असं मात्र नाही. बिनरंगी काचेवरही ते संरक्षण असू शकतं, म्हणून पाकिटावर यूव्हीचा उल्लेख बघ. पोलराइज्ड काचा खुल्या पाण्यावरच्या चकाकीसाठी ठीक, तलावात त्यांवर पैसे घालू नकोस. काही डिजिटल घड्याळांचे आकडे त्यांतून काळे पडतात. चष्म्याचा नंबर असेल तर नंबराच्या काचांचे गॉगल मिळतात, तेव्हा दोन्ही डोळ्यांचा नंबर वेगवेगळा निवडता येतो का ते विचार.

आणि हा गॉगल घालून खोल बुडी मारू नकोस. नाक बाहेर असतं, त्यामुळे आतला दाब वाढवता येत नाही आणि वाट्या डोळे ओढू लागतात.

दोन-तीन दिवस नोज ब्रिजची मापं बदलून पाहा आणि कोणत्या मापाला वळ सारखा उमटला ते कळव. तरीही डावा डोळाच गळला तर दोरीच्या नोज ब्रिजचा गॉगल बघू, त्यात लांबी हवी तेवढी ठेवता येते.

तुझा,
नितीन