वंशसंहाराच्या व्याख्येतले चार समूह: केंद्रीय कायदामंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
माननीय विधी व न्याय मंत्री,
भारत सरकार, नवी दिल्ली

महोदय,

वंशसंहाराला आंतरराष्ट्रीय गुन्हा मानण्याचा विषय १९४६ साली संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेपुढे मांडणाऱ्या तीन देशांत क्युबा आणि पनामाबरोबर भारतही होता. १९४८ मध्ये करार झाला आणि १९५९ मध्ये आपण त्याला मान्यता दिली. कराराच्या पाचव्या कलमाप्रमाणे प्रत्येक देशाने या गुन्ह्यासाठी स्वतःचा कायदा करायचा आहे. आपण तो अजून केलेला नाही, नव्या भारतीय न्याय संहितेतही हा गुन्हा नाही. १९८४ च्या शीख हत्याकांडातील सज्जन कुमार खटल्याच्या निकालात, १७ डिसेंबर २०१८ रोजी, दिल्ली उच्च न्यायालयाने या उणिवेवर स्पष्ट बोट ठेवले होते.

हा कायदा व्हावा अशी माझी मागणी आहेच. पण तो लिहिताना व्याख्येतल्या समूहांचा प्रश्न नीट सोडवावा, यासाठी हे पत्र आहे.

करारानुसार राष्ट्रीय, एथ्निक, वंशीय किंवा धार्मिक समूह, 'तो समूह आहे म्हणूनच', पूर्णतः किंवा अंशतः नष्ट करण्याचा हेतू सिद्ध व्हावा लागतो. समूह या चारांत बसला नाही, तर कितीही माणसे मारली तरी तो वंशसंहार ठरत नाही. १९४६ च्या ठरावात राजकीय समूहांचाही उल्लेख होता, दोन वर्षांच्या वाटाघाटींत तो गळला. 'एथ्निक' हा शब्द तर समितीत १८ विरुद्ध १७ अशा मतांनी कसाबसा आत आला.

त्या शब्दाची परीक्षा रवांडात झाली. १९९४ मध्ये तिथे बहुसंख्य हुतूंमधल्या कट्टरांच्या हातून अल्पसंख्य तुत्सी लाखोंनी मारले गेले. नाक्यानाक्यावर ओळखपत्रे तपासली जात आणि त्यावर 'तुत्सी' लिहिलेले असेल तर मरण ठरलेले असे. ताबा या कम्यूनचा, म्हणजे स्थानिक प्रशासकीय विभागाचा, प्रमुख जाँ-पॉल अकायेसू याच्यावरील खटल्यात रवांडासाठी संयुक्त राष्ट्रांनी टांझानियातील अरुशात नेमलेल्या न्यायाधिकरणापुढे मूलभूत अडचण उभी राहिली. एथ्निक समूह म्हणजे समान भाषा किंवा संस्कृती असलेले लोक, अशी व्याख्या न्यायालयाने स्वतःच दिली होती. पण हुतू आणि तुत्सी दोघेही किन्यारवांडाच बोलत, धर्म आणि रीतिरिवाजही सारखेच. त्या व्याख्येला शब्दशः चिकटून राहिले असते, तर तुत्सी वेगळा समूह ठरलेच नसते.

मग न्यायाधीशांनी त्या समाजात ही ओळख प्रत्यक्षात कशी चालते ते पाहिले. बेल्जियमच्या राजवटीपासून ती ओळखपत्रावर छापलेली होती. मूल बापाच्या समूहाचे मानले जाई, स्वतःच्या इच्छेने कोणी तो बदलत नसे. साक्षीदारांना विचारले तर प्रत्येक जण आपण हुतू की तुत्सी हे न अडखळता सांगत होता. जन्माने मिळणाऱ्या, कायम टिकणाऱ्या अशा समूहांना संरक्षण देण्याचा कराराचा हेतू होता, असे म्हणत २ सप्टेंबर १९९८ रोजी न्यायालयाने अकायेसूला वंशसंहारासाठी दोषी ठरवले. या खंडपीठावर भारतीय वंशाच्या न्यायमूर्ती नवी पिल्ले होत्या. समूह मारेकऱ्यांनी वेगळा मानला होता का, हेही पुढच्या खटल्यांत तपासले जाऊ लागले.

आता व्याख्येची दुसरी बाजू कंबोडियात पाहा. १९७५ ते १९७९ या काळातल्या ख्मेर रूज या कम्युनिस्ट गटाच्या राजवटीत मेलेले बहुसंख्य लोक देशातल्या बहुसंख्य ख्मेर समाजाचेच होते, 'वर्गशत्रू' किंवा 'देशद्रोही' म्हणून मारलेले. त्या राजवटीच्या नेत्यांवरील खटल्याच्या २०१८ च्या निकालात वंशसंहाराचा ठपका फक्त व्हिएतनामी अल्पसंख्याकांच्या आणि चाम मुसलमानांच्या बाबतीत बसला. बाकीच्या असंख्य मृत्यूंसाठी शिक्षा झाली ती मानवतेविरुद्धच्या गुन्ह्यांखाली, म्हणजे नागरिकांवरील व्यापक किंवा पद्धतशीर हल्ल्यांच्या गुन्ह्याखाली, ज्यात बळी ठरावीक समूहाचा असावा लागत नाही. तो दुसरा गुन्हा कायद्यात नसता, तर या माणसांचा हिशेब कोणत्या कलमाखाली मागायचा होता?

म्हणून मसुद्यात केवळ करारातले चार शब्द उतरवून थांबू नये, ही विनंती. समूह ठरवताना ती ओळख त्या समाजात प्रत्यक्षात कशी चालते आणि मारणाऱ्याने बळीला कोण मानले हे पाहावे, असे स्पष्टीकरण कलमातच द्यावे. आपल्याकडे जातीसाठी ते फार गरजेचे आहे. जात या चारांत नावाने नाही, पण ती जन्माने मिळते, सोडता येत नाही आणि गावाला ठाऊक असते. हा प्रश्न एखाद्या हत्याकांडानंतर न्यायालयाच्या तर्कावर सोडण्यापेक्षा संसदेने आधीच जातीचा स्पष्ट उल्लेख करावा. बांगलादेशाने १९७३ च्या कायद्यात राजकीय समूह घातला, तेव्हा करारापेक्षा पुढे जाणे देशांना शक्य आहे.

आणि मानवतेविरुद्धचे गुन्हे त्याच विधेयकात यावेत. 'वंशसंहार' सिद्ध करायला हेतूचा फार कडक पुरावा लागतो. तो नाही मिळाला, तर आज आपल्याकडे सुटे सुटे खुनाचे खटले एवढेच उरते आणि त्यात कट रचणारा बहुधा आरोपीच नसतो.

या विधेयकाचा मसुदा विधी आयोगाकडे कधी पाठवणार, एवढे कळवावे.

आपला,
पुण्यातील एक वकील