शेजारच्या खाचेतली गोटी

पुणे, रविवार

प्रिय मिलिंद,

पत्र मिळालं. ब्रेनव्हिटात एकच गोटी उरवलीस, तीही मधल्या खाचेच्या लगेच डावीकडे, आणि आता ‘थोडक्यात हुकलं’ म्हणून हळहळतोयस. रागावू नकोस, पण तसं होऊच शकत नाही. कुठेतरी तिरकी उडी मारली असशील, नाहीतर बोटाचा धक्का लागून एखादी गोटी शेजारी घरंगळली असेल. मी तिथे नव्हतो, तरी पैज लावतो!

वही घे आणि ३३ घरांत तिरक्या पट्ट्यांनी तीन अक्षरं भर:

```
    क अ ब
    अ ब क
क अ ब क अ ब क
अ ब क अ ब क अ
ब क अ ब क अ ब
    ब क अ
    क अ ब
```

प्रत्येक अक्षराची ११ घरं होतात. आता कुठलीही उडी घे, आडवी किंवा उभी. गोटी शेजारच्या गोटीवरून पलीकडच्या रिकाम्या घरात जाते आणि ओलांडलेली उचलली जाते. म्हणजे उडी सलग तीन घरांत होते: एक अ, एक ब, एक क. दोन घरं रिकामी होतात, तिसरं भरतं. त्यामुळे तिन्ही अक्षरांवरच्या गोट्यांची संख्या एकेकाने बदलते. सम असेल ती विषम होते, विषम असेल ती सम.

सुरुवातीला मधलं अ रिकामं, म्हणून अ वर १०, ब आणि क वर ११-११. म्हणजे ब आणि क एकाच जातीचे, आणि कितीही उड्या मारल्या तरी ते एकाच जातीचे राहणार. तुझी गोटी क वर आहे: क एक, ब शून्य. एक विषम, दुसरं सम. सापडलास!

म्हणजे शेवटची गोटी अ वरच हवी. पण अ ची सगळी ११ घरंही चालत नाहीत. पट्ट्या उलट्या तिरप्या काढ, जणू आरशात बघतोयस, हिशोब तोच. दोन्ही चित्रांत अ राहणारी घरं फक्त पाच: मधलं, आणि चारही हातांच्या टोकांची मधली.

रंगांचा हिशोब फक्त ‘नाही’ सांगतो, ‘होय’ खेळूनच दाखवावं लागतं. पण मध्ये संपवता आलं की टोकही हातात येतं. शेवटच्या उडीआधी मधल्या घराच्या एका बाजूला, समज उजवीकडे, ओळीने दोन गोट्या असतात. बाहेरची आत उडवली तर ती मध्ये येते. आतली बाहेर उडवली तर उजव्या टोकाला जाते. पट फिरवून खेळलास की बाकीची टोकं.

आणि हो, तुझ्या भाच्याने फ्रान्सहून आणलेल्या ३७ घरांच्या पटावर मधली गोटी काढून सुरुवात करू नकोस. तिथली चार जास्तीची घरं आतल्या कोपऱ्यांत असतात: दोन अ, एक ब, एक क. मधलं रिकामं केलं की १२-१२-१२. तिन्ही कायम एकाच जातीचे, आणि एकट्या गोटीला हवं १-०-०. मी त्यावर एक अख्खा पावसाळा घालवलाय.

वहिनींना नमस्कार. पुढच्या वेळी उड्या लिहून ठेव, तिरकी मी शोधून देतो.

तुझा,
अविनाश