टीव्हीवरची नवी नावं

प्रिय आई-बाबा,
साष्टांग नमस्कार.

आवाजाच्या बटणाशेजारी चौकोनात बाण असलेलं बटण आहे ना, ते दाबलं की आता दोनच नावं दिसतील: Dish आणि Chinu Game. आधी तिथं TV, AV, HDMI 1, HDMI 2, HDMI 3 अशी रांग होती आणि बाबा, तुम्ही प्रत्येक ठिकाणी जाऊन बघायचात. त्यातल्या तीन ठिकाणी दिसण्यासारखं काही नव्हतंच! टीव्हीच्या कीबोर्डवर मराठी मिळालं नाही, म्हणून नावं इंग्रजीत टाकली.

HDMI 2 ला साउंडबार आहे. त्या पॉइंटवर ARC छापलंय, म्हणजे टीव्हीचा आवाज त्याच वायरीतून साउंडबारकडे जातो. तिकडून चित्र येत नाही, म्हणून ते नाव लपवलं. आई, तू घाबरू नकोस, नाव लपवल्याने आवाज जात नाही.

एक मात्र सांभाळा. नाव डब्याला नाही, टीव्हीच्या मागच्या पॉइंटला दिलेलं असतं. दिवाळीच्या साफसफाईत वायरी काढल्या आणि अदलाबदल झाली, तर Dish वर चिनूची मोटारगाडी पळायला लागेल. म्हणून दोन्ही वायरींवर कागदी पट्टी चिकटवली आहे: डिश १, गेम ३.

आता ‘No signal’ आलं तर काय? आधी वर कोणतं नाव दिसतंय ते बघा. चिनू गेम चालू करतो तेव्हा टीव्ही आपोआप त्याच्याकडे वळतो आणि तो घरी गेला की तिथंच अडकून बसतो. तेव्हा नुसतं Dish निवडा. Dish आधीच निवडलेलं असेल, तर डब्याचा दिवा बघा. विझलेला असेल तर भिंतीवरचं बटण बंद झालंय. लुकलुकत असेल तर थोडं थांबा. नीट पेटलेला असेल तर वायर दोन्ही टोकांना काढून पुन्हा घट्ट बसवा.

पावसात येतो तो सिग्नल नसल्याचा मेसेज वेगळा. तो डिशवाल्या कंपनीच्या नावासकट, त्यांच्या रंगात दिसतो, म्हणजे डबा टीव्हीपर्यंत व्यवस्थित पोचलाय. तेव्हा वायरींना हात लावू नका, अडचण गच्चीवरच्या छत्रीत आहे.

कुणी लॅपटॉप जोडायला आलं तर चिनूची वायर काढून त्याच पॉइंटला लावू दे आणि Chinu Game निवडा. लपवलेलं काही परत हवं असेल तर Settings मध्ये Inputs उघडून त्या नावावर जा. ‘Hide’ निवडलेलं दिसेल, त्याऐवजी वरचं मूळ नाव निवडलं की झालं. मेनू टीव्हीगणिक थोडा बदलतो, पण आपल्याकडे तो असाच आहे. दुरुस्तीवाल्याने टीव्ही रीसेट केला, तर सगळी नावं पुसली जातील. तसं झालं तर चिनूला बसवा, मी फोनवरून सांगेन.

तुमची,
मनू