पाठमोऱ्या बायका

चि. मुक्तास,
अनेक आशीर्वाद.

माझ्या नव्या चित्रांच्या प्रदर्शनाचं सांगितलं तेव्हा फोनवर तू विचारलंस, "या वेळी पण डोक्यावर कळशीच का गं?" मला जरा लागलं, पण तुझं चुकलं नव्हतं. पंचवीस वर्षं मी तेच काढत आले. लांब मान, बारीक कंबर, डोक्यावर कळशी. कॉलेजात असताना बी. प्रभांच्या उंच, किडकिडीत कोळिणी पाहून वेडी झाले होते. त्यांच्या बायकांत एक उदासी होती. मी फक्त उंची उचलली, आणि ती खपली.

या मालिकेत कळशी एकही नाही. बावीस चित्रं आहेत, सगळी भातलावणीची, आणि एक सोडून सगळ्यांत बायका पाठमोऱ्या. नावही तेच ठेवलंय, 'पाठमोऱ्या'.

गेल्या जुलैत आजोळी कुडाळला राहिले ते तुला माहीतच आहे. पहिल्याच दिवशी मी शहाणपणा केला. सुलूमावशीला म्हटलं, अशीच वाकून थांब, पाच मिनिटांत काढते. दोन मिनिटांत तिने कंबर धरली आणि सगळं शेत हसायला लागलं. सकाळपासून ओणवी असलेली बाई, आणि दोन मिनिटं जमेना! मग बांधावर बसून नुसतं बघत राहिले तेव्हा उलगडलं. लावताना ती एका जागी नसतेच. डाव्या हातात तरव्याची मूठ, उजव्याच्या अंगठ्याने आणि दोन बोटांनी रोप चिखलात, की एक पाय मागे. भार या पायावरून त्या पायावर जातो, म्हणून कंबर टिकते. मी तिला थांबवून तिचा आधारच काढून घेतला होता.

त्यानंतर कुणालाही थांबवलं नाही. तीच ठेवण पुन्हा येईपर्यंत वाट बघायची, आली की दहा-पंधरा सेकंदांत जमेल तेवढी रेघ मारायची, परत वाट बघायची. एका कागदावर पंचवीस-तीस पाठी. जलरंग नेले होते ते उघडलेच नाहीत, पावसात कागद इतका सर्द होतो की रंग फुटतो. मऊ शिशाची पेन्सिल आणि प्लॅस्टिकची पिशवी, एवढंच साहित्य. फोटोही काढले, पण फोनमध्ये जवळचं डोकं भोपळ्याएवढं आणि मागचे पाय बाहुलीचे येतात. त्यावरून केलेली दोन चित्रं मी फाडली.

चेहरे का नाहीत, तर सुलूमावशी म्हणाली, "माजा तोंड नको काढू गे, इरला काढ." आणि इरलं म्हणजे तुझ्या डोळ्यांपुढे येतं ते बांबूच्या कामट्यांचं आणि पानांचं नव्हे. आता निळं नाहीतर पिवळं प्लॅस्टिक असतं, गळ्याशी गाठ मारलेलं. त्याखाली साडीवर नवऱ्याचा जुना फुलबाह्यांचा शर्ट. माझ्या एका जुन्या गिऱ्हाइकाने विचारलं, जुनं इरलं दाखवता येणार नाही का, दिवाणखान्यात बरं दिसेल. मी नाही म्हटलं. निळ्या प्लॅस्टिकवर साचलेलं पाणी आणि त्यात उतरलेलं आभाळ काढायला मला तीन महिने लागलेत, ते काय दिवाणखान्यासाठी पुसू?

हिरव्याने मात्र रडवलं. ट्यूबमधला हिरवा लावला की शेत प्लॅस्टिकचं आणि प्लॅस्टिक खरं वाटायचं. शेवटी लिंबाच्या पिवळ्यात चिमूटभर अल्ट्रामरीन आणि त्याहून कमी बर्न्ट सिएना, असं जमलं. आणि नव्या लावणीत हिरवं असतंच थोडं, रोपांच्या मधून राखाडी पाणीच जास्त दिसतं.

सातव्या चित्रात माझी घाई दिसेल. तैलरंगात खालचा थर टर्पेंटाइनचा, पातळ हवा, तेल वर वाढवत जायचं. मी कोपराजवळ तेलकट थर पुरता वाळायच्या आत त्यावर पातळ रंग चढवला. महिन्या-दोन महिन्यांत नखाएवढ्या भेगा पडल्या. चित्र तसंच लावतेय. तुला शोधायचं असेल तर खिडकीच्या बाजूने तिरकं बघ.

प्रदर्शन संक्रांतीनंतरच्या शनिवारी संध्याकाळी पाच वाजता, पुण्यात, बालगंधर्वच्या कलादालनात. जुलैत ठेवलं असतं तर ज्यांची पाठ काढली त्याच आल्या नसत्या, आणि नंतर काजू-आंब्यात कुणाला वेळ नाही. सहाजणी रात्रीच्या एसटीने येणार आहेत. त्यांना चित्रांसाठी दिवसाची मजुरी दिलीच होती, भाडंही मीच देतेय, त्यावरून भांडू नकोस. तुझ्या मैत्रिणींना आण, शेजारच्या देशपांडेकाकूंनाही सांग.

चित्रं नेहमीपेक्षा वीतभर खाली टांगायची आहेत. मी बांधावर बसून पाहिलंय, बघणाऱ्याची नजरही तिथूनच जायला हवी. टांगणारा मुलगा ऐकणार नाही, म्हणून तू शुक्रवारीच ये. मोजपट्टी आणि पाणसळ घेऊन ये, बाबांच्या पेटीत आहे.

तुझी,
आई